पश्चिमेचं एलेव्हेशन, लाकडी पट्ट्या आणि खानदेशाचं ऊन: रेंडरमधल्या सावल्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार भागात गेल्या काही वर्षांत घराच्या एलेव्हेशनला लाकडी फिन आणि लूव्हर लावायची मागणी खूप वाढली आहे. घरमालक रेंडर बघून निर्णय घेतात, आणि त्या रेंडरमध्ये त्यांना सगळ्यात जास्त भावतं ते भिंतीवर पडलेलं सावल्यांचं नक्षीकाम. म्हणून ती सावली खरी असली पाहिजे. ती खरी कशी काढायची आणि खोटी कशी ओळखायची, याबद्दल नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत.

सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर आहेत. घर जळगावात, रस्ता पश्चिमेला. पहिल्या मजल्यावर ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच पांढरी भिंत. तिच्यासमोर सागाच्या उभ्या पट्ट्या: जाडी ५० मि.मी., भिंतीपासून बाहेर आलेली खोली २०० मि.मी., आणि एका पट्टीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत २५० मि.मी. म्हणजे दोन पट्ट्यांमध्ये २०० मि.मी.ची मोकळी फट.

रेंडरमध्ये भिंतीवर लांब, तिरप्या सावल्या दिसत होत्या. घर बांधून झालं, मे महिना आला, आणि भिंतीवर नुसत्या बारीक रेषा दिसतात. असं का?

कारण रेंडरमधला सूर्य बहुधा जळगावचा नव्हता. तो माउसने ओढून, सावली छान दिसेल तिथे ठेवलेला होता.

जळगाव २१ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला दुपारी चार वाजता इथला सूर्य क्षितिजापासून सुमारे ३९ अंश वर असतो आणि दिशेने जवळजवळ नेमका पश्चिमेला, फक्त साडेसात अंश उत्तरेकडे सरकलेला. पश्चिमेच्या भिंतीसमोर तो अक्षरशः समोर उभा असतो. भिंतीला काटकोनात लावलेली उभी पट्टी अशा उन्हाला आपली फक्त कड दाखवते. २०० मि.मी. खोल पट्टीची बाजूला पडणारी सावली त्या वेळी सुमारे २६ मि.मी. भरते. पट्टीची स्वतःची जाडी धरली तरी २५० पैकी ७६ मि.मी. झाकली जाते आणि १७४ मि.मी.ची उन्हाची पट्टी सरळ भिंतीवर किंवा काचेवर येते.

आता तीच भिंत २१ डिसेंबरला दुपारी तीन वाजता बघा. सूर्य ३२ अंशांवर उतरलेला असतो आणि पश्चिमेपासून जवळजवळ ४८ अंश दक्षिणेकडे गेलेला असतो. तीच २०० मि.मी.ची पट्टी आता २२० मि.मी. सावली टाकते. फट २०० मि.मी.ची, सावली २२० मि.मी.ची, म्हणजे एका पट्टीची सावली थेट पुढच्या पट्टीवर चढते आणि भिंत पूर्ण सावलीत जाते. लयही गेली आणि हवंहवंसं ऊनही गेलं.

थोडक्यात, पश्चिमेला काटकोनात लावलेल्या उभ्या पट्ट्या खानदेशात उलट काम करतात: मेमध्ये ऊन आत सोडतात, डिसेंबरात अडवतात. रेंडर प्रामाणिक असता तर ही गोष्ट सुताराला काम देण्याआधीच दिसली असती. खऱ्या सावलीचा आग्रह मी यासाठीच धरतो. ती चित्राची सजावट वाटते, पण प्रत्यक्षात ती डिझाइनची तपासणी असते.

सावली खोटी आहे हे रेंडर बघून लगेच ओळखता येईल का?

या उदाहरणात एक सोपी खूण आहे. रस्त्यावर उभं राहून घराकडे तोंड केलं की तुमचं तोंड पूर्वेला आणि डावा हात उत्तरेला असतो. मेमध्ये दुपारी सव्वादोननंतर सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला जातो, म्हणून सावली पट्टीच्या उजव्या बाजूला पडायला हवी, आणि चार वाजता ती अगदी अरुंद हवी. रेंडरखाली ‘उन्हाळा, संध्याकाळ’ लिहिलंय आणि सावली डावीकडे लांबवर पसरलीय, तर तो सूर्य हिवाळ्याचा आहे किंवा मॉडेलची उत्तर दिशा चुकली आहे.

हे आकडे मी स्वतः कसे काढू?

तीन गोष्टी लागतात: अक्षांश, त्या दिवशीची सूर्याची क्रांती, आणि तासकोन. क्रांती म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे. १५ मेच्या सुमारास ती १८.८ अंश उत्तर असते, २१ मार्चला शून्य, २१ डिसेंबरला २३.४ अंश दक्षिण.

तासकोनात मात्र बरेच जण चुकतात. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतं आणि जळगाव ७५.५ अंशांच्या आसपास आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या जवळजवळ २८ मिनिटं मागे असतो. त्यात ऋतूप्रमाणे काही मिनिटांची भर किंवा घट होते. मेच्या मध्याला ती साधारण पावणेचार मिनिटांची भर असते. म्हणून घड्याळात चार वाजले की सूर्याच्या हिशोबाने ३ वाजून ३६ मिनिटं झालेली असतात. मध्यान्हापासून ३.६ तास, तासाला १५ अंश, म्हणजे तासकोन ५४.

बाकीचं काम पायथनच्या सहा ओळींचं आहे. ब्लेंडरच्या कन्सोलमध्येही हे चालतं.

```python
from math import *
lat, dec, H = map(radians, (21.0, 18.8, 54))
up    = sin(lat)*sin(dec) + cos(lat)*cos(dec)*cos(H)
west  = cos(dec)*sin(H)
north = cos(lat)*sin(dec) - sin(lat)*cos(dec)*cos(H)
print(degrees(asin(up)), 200*north/west, 200*up/west)
```

पहिला आकडा सूर्याची उंची अंशांत. दुसरा, पश्चिमेच्या भिंतीवर २०० मि.मी. खोल उभ्या पट्टीची सावली. तिसरा, तेवढ्याच खोल आडव्या पट्टीची खाली पडणारी सावली. उत्तर ३९.४, २६.५ आणि १६५.८ असं येईल. दुसरा आकडा ऋण आला तर सूर्य दक्षिणेकडे आहे आणि सावली पट्टीच्या उत्तरेला पडते. दक्षिणेची क्रांती घालताना आकड्याआधी वजाचं चिन्ह विसरू नका.

रेंडर झाला की त्यातली सावली मोजून या आकड्याशी ताडून बघायची. पट्टीची जाडी ५० मि.मी. आहे हे माहीत असतं, तीच चित्रातली फूटपट्टी. पण हे मोजमाप सरळ समोरच्या दृश्यात करा. कोपऱ्यातून घेतलेल्या दृश्यात पट्टीची बाजू सावली झाकते आणि अंदाज फसतो.

मग पश्चिमेला उभ्या पट्ट्या लावूच नयेत का?

लावा, पण वळवून लावा. आपल्या उदाहरणातली प्रत्येक पट्टी तिची बाहेरची कड दक्षिणेकडे जाईल अशी ४५ अंशांनी फिरवा. लाकूड तेवढंच, अंतरही तेवढंच.

मेमध्ये दुपारी चारला आता सूर्याला पट्टीची कड न दिसता रुंद बाजू दिसते. २५० पैकी १९० मि.मी. झाकले जातात आणि उन्हाची पट्टी १७४ वरून साधारण ६० मि.मी.वर येते. साडेपाच वाजता सूर्य आणखी उत्तरेला सरकतो, त्यामुळे ती अजून अरुंद होते. डिसेंबरात दुपारी तीनला मात्र ऊन पट्टीच्या जवळजवळ समांतर येतं, पट्ट्यांच्या मधून सरळ आत शिरतं, आणि भिंतीवर १६० मि.मी.च्या आसपास रुंद उन्हाचे पट्टे दिसतात. काटकोनातल्या पट्ट्यांचं जे उलटं काम होतं, ते सुलटं झालं. कड उत्तरेकडे वळवली तर मेमध्येही बराच फायदा मिळतो, पण डिसेंबरचं ऊन पूर्ण बंद होतं.

ही युक्ती नवी नाही. अहमदाबादला ल कॉर्बुझिए यांनी मिल ओनर्स असोसिएशनची इमारत बांधली, ती १९५४ मध्ये पूर्ण झाली. तिच्या पश्चिमेच्या, रस्त्याकडच्या दर्शनी भागावर काँक्रीटचे सूर्यरोधक पडदे तिरपे वळवलेले आहेत. पूर्वेला, साबरमतीच्या बाजूला, ते भिंतीला काटकोनात आहेत. अहमदाबाद आपल्यापेक्षा फक्त दोन अंश उत्तरेला आहे, त्यामुळे सूर्याचा हिशोब जवळजवळ आपलाच. एकाच इमारतीत दोन बाजूंना दोन उत्तरं का, हे वरच्या आकड्यांवरून सहज कळतं.

वळवलेल्या पट्ट्यांचा रेंडर काढताना कॅमेऱ्याची जागा आधी ठरवा, कारण त्या दोन बाजूंनी दोन वेगळी घरं दाखवतात. रस्त्याच्या डाव्या टोकाकडून, म्हणजे उत्तरेकडून, लाकडाच्या रुंद बाजू दिसतात, त्यांवर मेचं ऊन भरपूर असतं आणि भिंत जवळजवळ दिसतच नाही. उजव्या टोकाकडून पट्ट्यांच्या मधून भिंत दिसते, तिच्यावरचे उन्हाचे अरुंद पट्टे दिसतात. सावल्यांची लय दाखवायची असेल तर उजवीकडचा कॅमेरा. घरमालकाला मात्र दोन्ही दाखवा; तो रोज दोन्हीकडून येणार-जाणार आहे.

आडव्या पट्ट्या चांगल्या की उभ्या?

पश्चिमेला मेच्या चार वाजता आडव्याच. २०० मि.मी. खोल आडवी पट्टी त्या वेळी १६६ मि.मी. सावली खाली टाकते, म्हणजे २०० मि.मी.च्या फटीतला बहुतेक भाग झाकला जातो. पण साडेपाचला सूर्य १९ अंशांवर येतो आणि तीच सावली ७० मि.मी.वर घसरते. खानदेशात साडेपाचचं ऊन काही कमी त्रासाचं नसतं.

रेंडरच्या दृष्टीने आडव्या पट्ट्यांची एक अडचण सांगतो. सहा मीटर लांब सागाची पट्टी आधाराशिवाय सरळ राहणार नाही, तिला मध्ये मध्ये लोखंडी फ्रेम किंवा ब्रॅकेट लागतं. अनेक रेंडरमध्ये पट्ट्या हवेत तरंगत असतात. ते आधार मॉडेलमध्ये घाला, कारण त्यांचीही सावली पडते आणि लयीत त्यांचाही ठोका असतो.

दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या भिंतीचं काय?

दक्षिणेला मेच्या मध्याला ऊन साधारण साडेदहा ते सव्वादोनपर्यंतच येतं, तेही डोक्यावरून, भिंतीला घासत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो. त्यामुळे दक्षिणेच्या एलेव्हेशनवर ‘मे, संध्याकाळी चार’ असं ऊन दाखवणारा रेंडर सरळ चुकीचा. डिसेंबरच्या मध्यान्ही मात्र सूर्य ४५ अंशांवर असतो आणि आडव्या पट्टीची सावली तिच्या खोलीएवढीच पडते; तेव्हा दक्षिणेची भिंत फार सुंदर दिसते.

उत्तरेची भिंत बहुतेक लोक विसरतात. कर्कवृत्त आपल्या वर, मध्य प्रदेशातून जातं. म्हणून २१ जूनला जळगावात सूर्य दिवसभर उत्तरेच्याच अंगाला असतो आणि उत्तरेच्या भिंतीवर तिरपं ऊन येतं, अर्थात ढग नसतील तर.

ब्लेंडरमध्ये जळगावचा सूर्य कसा लावायचा?

`Sun Position` नावाचं अ‍ॅड-ऑन घ्या. त्यात `Latitude` ला 21.0, `Longitude` ला 75.56 आणि वेळेच्या पट्ट्यासाठी 5.5 घाला, मग तारीख आणि वेळ. उन्हाळी वेळेची खूण बंद असू द्या. सूर्य लागला की लगेच रेंडर करू नका. आधी १५ मे, दुपारी चार ही वेळ देऊन उंची ३९ अंशांच्या आसपास येते का बघा. ती सहा-सात अंशांनी वेगळी आली तर वेळेचा पट्टा चुकलाय, हे नक्की.

स्केचअपमध्ये काम करत असाल तर मॉडेलला आधी खरी जागा द्या. जागा न दिलेल्या मॉडेलचा सूर्य खानदेशाचा नसतो, आणि सावल्या कितीही पटणाऱ्या दिसल्या तरी त्या दुसऱ्याच गावच्या असतात.

आमचा प्लॉट पश्चिममुखी आहे. एवढं पुरेसं नाही का?

नाही, आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लेआउटमधले रस्ते क्वचितच नेमके उत्तर-दक्षिण असतात. समजा भिंतीचं तोंड पश्चिमेपासून १५ अंश दक्षिणेकडे वळलेलं आहे. मेच्या चार वाजता सूर्य आता भिंतीच्या तोंडापासून साडेबावीस अंश बाजूला आला, आणि काटकोनातल्या पट्टीची सावली २६ ऐवजी ८३ मि.मी. झाली. तिप्पट! उलट तोंड साडेसात अंश उत्तरेकडे वळलेलं असेल तर त्या क्षणी बाजूची सावली पडणारच नाही.

म्हणून साइटवर जाऊन होकायंत्र भिंतीच्या रेषेला लावून बघा. खानदेशात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत नगण्य फरक असतो, त्यामुळे दुरुस्तीची गरज नाही. फक्त लोखंडी सळया आणि गाडीपासून लांब उभे राहा, नाहीतर काटा भलतीकडेच वळतो. ब्लेंडरमध्ये +Y ही उत्तर धरलेली असते. प्लॉट फिरलेला असेल तर इमारत फिरवा किंवा `North Offset` मध्ये तो कोन घाला. दोन्ही एकदम करू नका.

सावलीची कड किती मऊ ठेवावी?

सूर्य आकाशात अर्ध्या अंशाहून किंचित मोठा दिसतो. त्यामुळे सावलीची कड जितक्या अंतरावरून पडते त्याच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतकी पुसट होते. आपल्या पट्टीची बाहेरची कड भिंतीपासून २०० मि.मी.वर आहे आणि ऊन तिरपं येत असल्याने किरणाला २६० मि.मी. अंतर कापावं लागतं. कड पुसट होते ती अडीच मि.मी.च्या आत. डोळ्यांना ती धारदारच दिसते.

ब्लेंडरच्या सूर्यात `Angle` ची मूळ किंमत 0.526° असते आणि ती बरोबर आहे. ‘सावली फार कडक वाटते’ म्हणून काही जण ती 5° करतात. मग तीच कड २३ मि.मी. रुंद पुसट होते. आपली सावलीच २६ मि.मी.ची होती, म्हणजे रेषा जवळजवळ विरघळली, आणि भिंतीवर राखाडी डाग उरले. पट्ट्यांच्या एलेव्हेशनवर हा आकडा बदलू नका.

मऊपणा हवाच असेल तर तो खऱ्या कारणातून येऊ द्या. तीन मीटर वरच्या छज्ज्याच्या कडेची सावली आपोआप अडीच-तीन सें.मी. किंवा जास्त पुसट होते, आणि तिच्या शेजारी पट्ट्यांची धारदार सावली पडते. एकाच भिंतीवर ही दोन प्रकारची कड दिसली की चित्र खरं वाटू लागतं. कारण सांगता आलं नाही तरी नजरेला ते जाणवतं.

सावल्या काळ्याकुट्ट येतात. काय चुकतंय?

बहुधा आकाश आणि जमीन दोन्ही कमी पडतायत. भर उन्हातही सावलीतल्या भिंतीला आकाशाचा निळसर उजेड मिळतो, समोरच्या जमिनीवरून परतलेलं ऊन मिळतं, आणि पट्ट्यांच्या बाजूंवरून तांबूस उजेड मिळतो. पांढऱ्या भिंतीवर सागाजवळची सावली किंचित उबदार आणि फटीच्या मधली सावली किंचित निळसर दिसते. हा फरक दिसला नाही तर `Light Paths` मधले `Diffuse` च्या उसळ्यांची संख्या तपासा. मूळ किंमत 4 असते. रेंडर लवकर व्हावा म्हणून कुणी ती 1 केली असेल तर फटी अंधारतात.

जमीन नुसती राखाडी ठेवू नका. समोर नांगरलेली काळी माती असेल तर ती फार थोडं ऊन परत पाठवते. फिकट पेव्हर ब्लॉक त्याच्या कितीतरी पट पाठवतात, आणि आडव्या पट्ट्यांची खालची बाजू त्यामुळे उजळून निघते. गावाबाहेरच्या नव्या प्लॉटवर आज काळी माती आहे, दोन वर्षांनी ब्लॉक येतील. रेंडर कोणत्या दिवसाचा आहे ते ठरवून जमीन घाला.

मेमधलं आपलं आकाशही स्वच्छ निळं नसतं. धुळीने ते पांढुरकं होतं, सूर्याभोवती उजेडाचं मोठं वलय तयार होतं आणि सावल्या थोड्या फिक्या पडतात. `Sky Texture` मध्ये धुळीची किंमत वाढवून हे आणता येतं. डिसेंबरच्या रेंडरमध्ये ती कमी ठेवा. हिवाळ्यातल्या सकाळी सातपुडा ज्या स्पष्टपणे दिसतो, तो स्वच्छपणा त्या चित्रात यायला हवा.

प्रत्येक पट्टीच्या दोन-दोन सावल्या दिसतायत.

सूर्य दोन झाले आहेत. `Sky Texture` मधलं `Sun Disc` चालू आहे आणि वर वेगळा सूर्यही ठेवलाय. एक बंद करा. दोन्ही नेमके एका दिशेला असतील तर दुसरी सावली दिसणार नाही, पण ऊन अवाजवी भडक होईल. तिथेही उपाय तोच.

लाकूड प्लास्टिकसारखं दिसतं. पोत तर चांगला घेतलाय.

पोताच्या आधी कड बघा. सुताराने रंधा मारून, पॉलिश पेपर फिरवलेल्या सागाच्या पट्टीची कड कधीच पात्यासारखी नसते. दोन-तीन मि.मी.ची गोलाई द्या. त्या गोलाईवर उन्हाची एक बारीक उजळ रेघ उमटते, आणि सावलीच्या गडद रेषेशेजारी ती रेघ आली की लाकूड लाकूड वाटतं.

मग रेषांची दिशा. सागाच्या रेषा पट्टीच्या लांबीत धावतात, कापलेल्या टोकावर त्या वेगळ्या दिसतात. आपोआप लावलेल्या पोतात त्या बऱ्याचदा आडव्या जातात आणि सुतारकाम माहीत असलेला माणूस एका नजरेत हसतो.

तिसरी अडचण म्हणजे चोवीसच्या चोवीस पट्ट्यांवर एकच गाठ, एकाच उंचीवर. `Array` ने केलेल्या पट्ट्या ब्लेंडरसाठी एकच वस्तू असतात, त्यामुळे `Object Info` मधलं `Random` सगळ्यांना एकच आकडा देतं. सायकल्समध्ये `Geometry` नोडचं `Random Per Island` वापरा आणि त्याने पोत सरकवा, रंगात अगदी थोडा फरक आणा.

पट्ट्या बसवण्यातली माणसाची नजरचूकही थोडी येऊ द्या, पण हिशोबाने. २०० मि.मी. खोल पट्टी एक अंशाने फिरली तर बाहेरची कड साडेतीन मि.मी. सरकते. २६ मि.मी.च्या सावलीत तेवढा फरक ठळक दिसतो आणि काम वाईट झाल्यासारखं वाटतं. अंशाचा तिसरा हिस्सा पुरे.

आणि रंग. तेल किंवा पॉलिश वेळोवेळी न केलेला साग पश्चिमेच्या उन्हात राखाडी पडत जातो. मी घरमालकाला सोनेरी सागासोबत राखाडी सागाचाही एक रेंडर देतो. राखाडी लाकडावर सावलीच्या रेषा उलट अधिक शांत दिसतात आणि काहींना तेच आवडतं.

दुरून घेतलेल्या दृश्यात रेषा तुटतात, लहरी दिसतात.

चित्रातले बिंदू पुरत नाहीत. सहा मीटरची भिंत चित्रात १२०० पिक्सेल व्यापत असेल तर एक पिक्सेल ५ मि.मी.चा, आणि २६ मि.मी.च्या सावलीला पाच पिक्सेल मिळतात. हे ठीक. पण पूर्ण बंगला, अंगण, रस्ता दाखवताना तीच भिंत ४०० पिक्सेलवर आली, तर सावलीला दोन पिक्सेलही मिळत नाहीत. मग लहरी उमटतात, आणि डीनॉइझर त्या रेषांना गोंधळ समजून पुसून टाकतो. अशा दृश्याला दुप्पट आकारात रेंडर करा, नमुने वाढवा, आणि डीनॉइझरला `Albedo` व `Normal` ची माहिती द्या म्हणजे त्याला पट्टीची कड कुठे आहे ते कळतं.

घरमालकाला चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ते फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबून लहान केला जातो आणि पहिला बळी बारीक सावल्यांचा जातो.

सावलीची लय सुंदर कधी दिसते? कोणती वेळ निवडू?

माझ्या नजरेला ऊन आणि सावली निम्मी-निम्मी असली की भिंत कंटाळवाणी दिसते. एक बाजू स्पष्ट वरचढ हवी. एक तृतीयांश सावली आणि दोन तृतीयांश ऊन, किंवा उलट, हे प्रमाण चांगलं वाटतं. आपल्या उदाहरणात काटकोनातल्या पट्ट्यांना हे प्रमाण २१ मार्चच्या आसपास संध्याकाळी पाचच्या सुमारास मिळतं: पाचला बाजूची सावली ३२ मि.मी. असते, जाडीसह २५० पैकी ८२. तीच फ्रेम जाहिरातीला वापरायला हरकत नाही, पण निर्णयाला ती पुरत नाही.

निर्णयासाठी मी एकाच कॅमेऱ्यातून तीन रेंडर देतो: १५ मे दुपारी चार, १५ मे संध्याकाळी साडेपाच, २१ डिसेंबर दुपारी तीन. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि भिंतीचं तोंड किती अंशांवर आहे ते लिहिलेलं असतं. आधीचा छान दिसणारा रेंडर बघून काटकोनातल्या पट्ट्या पसंत केलेले लोक हे तीन कागद शेजारी ठेवले की पट्ट्या वळवायला स्वतःहून तयार होतात.

घरमालक विचारतात, ‘भाऊ, हे खरंच असं दिसेल का?’ काय उत्तर द्यावं?

भिंत उभी असेल तर तिथेच दाखवा. २०० मि.मी. रुंद फळीचा तुकडा भिंतीला काटकोनात धरा, घड्याळ बघा, आणि टेपने सावली मोजा. त्याच तारखेचा आणि वेळेचा आकडा वरच्या पायथनच्या ओळींतून काढा. दोन्हींत चार-पाच मि.मी.पेक्षा जास्त फरक आला तर फळी काटकोनात नाही किंवा भिंतीची दिशा नेमकी पश्चिम नाही. ती पुन्हा मोजा, मॉडेलमध्ये दुरुस्त करा आणि रेंडर नव्याने काढा. फरक त्याच्या आत असेल तर तीच फळी ४५ अंशांनी दक्षिणेकडे वळवून धरा आणि घरमालकाला भिंतीवरचं ऊन किती आक्रसतं ते बघू द्या. सुताराला मोजमापं त्यानंतरच द्या.